पुरात भिजलेली पुस्तकं, कागदपत्रं आणि फोटो: बुरशी धरण्याआधीच्या ४८ तासांत काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

पाणी ओसरलं की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. सगळी पुस्तकं, फायली, अल्बम बाहेर काढले जातात, उघडून उन्हात पसरले जातात आणि मग माणसं घराच्या साफसफाईला लागतात. चौथ्या दिवशी वरची चार पुस्तकं वाळून वाकडी झालेली असतात, खालच्या सगळ्यांवर काळे-हिरवे ठिपके असतात आणि फोटोंची एकमेकांना चिकटून वीट झालेली असते. कष्ट कमी पडलेले नसतात. चुकलेला असतो तो क्रम.

उबदार, दमट हवेत ओल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरते, कधी त्याआधीही. या वेळात एका घरातली दोन-चार माणसं जेवढं वाळवू शकतात, त्यापेक्षा भिजलेला माल नेहमी जास्त असतो. म्हणून पहिलं काम वाळवण्याचं नाही. आधी निवडायचं, मग धुवायचं, जे दोन दिवसांत वाळणार नाही ते गोठवून थांबवायचं आणि मगच उरलेलं वाळवायला घ्यायचं.

पुढचं सगळं एका ठरावीक घराच्या हिशेबाने सांगतो. समजा, खालचे दोन कप्पे बुडाले. त्यात चाळीसेक पुस्तकं आहेत आणि त्यातली पाच गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली, चित्रांची. शिवाय कागदपत्रांची एक जाड फाइल, फोटोंचे दोन अल्बम आणि भिंतीवरची एक फ्रेम. कामाला दोन माणसं, हाताशी एक खोली आणि एक फ्रीझर.

## १. हात लावण्याआधी

भिंतीत पाणी मुरलेलं असेल तर त्या खोलीतला वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करा. जाणकाराने तपासल्याशिवाय तिथे पंखाही लावू नका. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, म्हणून रबरी हातमोजे, बंद पायताण आणि नाकातोंडावर नीट बसणारा मास्क हवाच. हाताला जखम असेल तर धुण्याचं काम दुसऱ्याला द्या.

वाळवण्यासाठी वेगळी, कोरडी खोली निवडा. वरचा मजला किंवा शेजाऱ्यांची खोली मिळाली तर उत्तम, कारण पूर आलेल्या खोलीच्या भिंतीच कितीतरी दिवस दमट राहतात. सामान फार लागत नाही: तीन टब, स्वच्छ पाणी, टिपकागद किंवा रंग-नक्षी नसलेले पांढरे पेपर टॉवेल, बटर पेपर, झिपच्या पिशव्या, दोरी, प्लास्टिकचे चिमटे आणि दोन-तीन पारदर्शक पॉलिस्टर शीट.

छापील वर्तमानपत्र पानांत घालू नका. त्याची शाई ओल्या पानावर उतरते. टेबलावर अंथरायला चालेल, पण वर कोरा कागद हवा.

तपासणी: काहीही हलवण्याआधी आहे त्या स्थितीत फोनवर फोटो काढा. विम्यासाठी ते लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कागदपत्रांचा मजकूर. शाई आज वाचता येतेय, उद्या येईलच असं नाही.

## २. निवड: तासाभरात उरकायची

इथे भावना आणि घड्याळ यांची ओढाताण होते. पुन्हा विकत मिळणारं पुस्तक, छापील मासिकं, ज्याची प्रत कार्यालयातून पुन्हा काढता येते तो कागद, हे सगळं शेवटी. ज्याची दुसरी प्रत जगात नाही ते आधी: हस्तलिखित, जुनी पत्रं, निगेटिव्ह नसलेले फोटो, समासात कुणाच्या नोंदी असलेलं पुस्तक.

पण महत्त्वाइतकंच बघायचं की कोणती वस्तू सगळ्यांत आधी बिघडणार आहे. आर्ट पेपरची पुस्तकं यात पहिली. त्या गुळगुळीत कागदावर खडूसारख्या द्रव्याचा लेप असतो. तो ओला असताना सुटा राहतो, पण पानं एकमेकांना टेकून वाळली की तोच डिंक होतो, आणि मग ती कुणालाच सोडवता येत नाहीत. हे व्हायला दोन दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. दुसरा नंबर फोटोंचा, कारण त्यांच्यावरचा जिलेटिनचा थर पाण्यात फुगून मऊ होतो. तिसरा शाईपेनच्या किंवा स्केचपेनच्या लिखाणाचा. बॉलपेनची शाई बहुधा टिकते, लेझर प्रिंटही टिकतो. इंकजेट प्रिंट मात्र फुटतो.

आपल्या घराच्या हिशेबात पाच चित्रांची पुस्तकं तासाभरात थेट गोठवायला जातील. अल्बम आणि फ्रेम थंड, स्वच्छ पाण्याजवळ. फाइल टेबलावर. उरलेल्या पस्तीस पुस्तकांतली घरात नीट वाळवता येतील अशी आठ-दहाच. दोन माणसं दिवसाला तेवढ्याच पुस्तकांचे टिपकागद बदलत राहू शकतात. बाकीची पंचवीस पिशव्यांत घालून फ्रीझरला. हा आकडा लोकांना पटत नाही आणि ते सगळी पस्तीस एकदम मांडून बसतात. पहाटेपर्यंत टिपकागद संपतात, माणसं थकतात आणि एकही पुस्तक नीट वाळत नाही.

## ३. धुणं

चिखल ओला असेल तरच धुवायचं. वाळून कडक झालेला चिखल पुन्हा भिजवला तर तो कागदाच्या तंतूंत आणखी खोल जातो. तो तसाच राहू द्या, पुस्तक पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने निघतो.

पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट मिटून धरा आणि पहिल्या टबात बुडवून हलकेच हलवा. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पहिल्या टबातलं पाणी गढूळ झालं की ते ओतून टाका, दुसरा टब पहिल्याच्या जागी आणा आणि ताजं पाणी शेवटच्या टबात भरा. घासायचं नाही. स्पंजने फक्त टिपायचं. धुऊन झाल्यावर पुस्तक मिटलेलंच दाबून पाणी निथळू द्या, पिळू नका.

इशारा: धुताना पुस्तक उघडायचं नाही. मिटलेल्या पुस्तकात चिखल कडांपुरता असतो. उघडलंत की तो पानापानांत शिरतो.

चामड्याची बांधणी, शाईपेनचं लिखाण, जलरंगातली चित्रं, इंकजेट प्रिंट आणि कणा सुटत आलेलं पुस्तक धुऊ नका. त्यांना चिखलासकट गोठवलेलं परवडतं. जंतुनाशक म्हणून पाण्यात ब्लीच घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो फरशीसाठी ठीक आहे. कागद त्याने कमकुवत होतो आणि शाई फिकी पडते.

## ४. गोठवणं: घड्याळ थांबवायचा एकमेव घरगुती मार्ग

गोठवण्याने बुरशी मरत नाही, ती निद्रिस्त होते. तेवढंच आपल्याला हवं असतं. पुस्तक आठवडाभर, महिनाभर, कितीही दिवस त्याच अवस्थेत थांबतं आणि आपण सवडीने दोन-दोन काढून वाळवू शकतो. फ्रीझर उणे १८ अंशांचा किंवा त्याहून थंड हवा. फ्रिजचा बर्फाचा छोटा कप्पा तेवढा थंड होत असेलच असं नाही. घरातला फ्रीझर लहान असेल तर दोन-तीन ओळखीच्या घरांत वाटून ठेवा.

प्रत्येक पुस्तक सैलसर बटर पेपरमध्ये गुंडाळा, म्हणजे दोन पुस्तकं बर्फाने एकमेकांना चिकटत नाहीत. मग पिशवीत घाला. पिशवीवर आत काय आहे ते आणि तारीख लिहा. पंचवीस सारख्या पांढऱ्या गठ्ठ्यांत आजोबांची वही कोणती, ते पंधरा दिवसांनी कळत नाही. पुस्तकं कणा खाली करून एकाच थरात ठेवा. थर रचले तर खालची त्याच आकारात दबून गोठतात. आधीच वाकडं झालेलं पुस्तक गोठवण्यापूर्वी हळूच सरळ करता आलं तर करा, कारण जसं गोठेल तसंच ते राहील. ओल्या पुस्तकात बरंच पाणी असतं, त्यामुळे एकदम सगळी भरली तर फ्रीझरला दम लागतो. सकाळ-संध्याकाळ थोडी थोडी घाला.

त्या फ्रीझरमध्ये खाण्याचं काही नको.

काय गोठवायचं नाही: काचेच्या निगेटिव्ह, काचेवरचे किंवा पत्र्यावरचे फार जुने फोटो, ऑडिओ-व्हिडिओ टेप आणि सीडी. टेप आणि सीडी थंड पाण्याने खळखळून हवेवरच वाळवायच्या. काचेवरचं आणि पत्र्यावरचं सगळं मात्र पाण्यात न बुडवता, चित्र वर ठेवून लगेच हवेवर वाळवायचं.

## ५. कागदपत्रं

ओल्या कागदांची चळत हातात आली की प्रत्येक कागद नखाने सोडवायला जाऊ नका. ओला कागद कोपऱ्यातच फाटतो. आधी स्टेपलच्या पिना, क्लिपा आणि दोऱ्या काढा. पिना सहज निघत नसतील तर वळलेली टोकं मागून सरळ करा. गंजाचा डाग नंतर जात नाही.

आता पॉलिस्टर शीटची युक्ती. चळतीवर शीट सपाट ठेवा आणि हाताने मधून बाहेर दाबा. ओला कागद शीटला चिकटतो. मग शीट एका कोपऱ्यातून सावकाश उचला, वरचा कागद तिच्याबरोबर अलगद येतो. तो शीटसकट उलटा करून टिपकागदावर ठेवा आणि शीट सोलून काढा. एकदा हात बसला की दोन माणसं चांगल्या गतीने काम करतात. एकाने उचलायचं आणि दुसऱ्याने मांडायचं, असं करा. कागद सुटतच नसतील तर ओढू नका. साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीचा गठ्ठा तसाच टिपकागदावर वाळवायला ठेवा. पृष्ठभाग ओलसर असतानाच, पण थबथबलेले नसताना, ते बहुधा आपोआप सुटतात. फाइल दोन दिवसांत संपणार नसेल तर उरलेले गठ्ठे तसेच पिशवीत घालून फ्रीझरला.

शाई फुटतेय का हे पाहायला एका नगण्य कोपऱ्यातल्या अक्षरावर ओल्या कापसाचा बोळा क्षणभर टेकवा. बोळ्याला रंग लागला तर त्या कागदाला आणखी पाणी लावायचं नाही, धुवायचं नाही, फक्त सपाट वाळवायचं.

लॅमिनेट केलेला कागद बाहेरून सुका दिसतो आणि आत कडेने शिरलेलं पाणी तसंच राहतं. आत ढगासारखा डाग दिसला तर आधी स्पष्ट फोटो काढा. मग प्लास्टिकची रिकामी किनार कागदापासून थोडी दूर कापा आणि तो उभा ठेवून वाळू द्या. प्लास्टिक सोलायला जाल तर छपाई त्याच्याबरोबर येईल.

तपासणी: कागद वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. हाताच्या पाठीने स्पर्श करा. आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा थंड लागला तर अजून पाणी आहे.

## ६. पुस्तकं वाळवणं

थबथबलेलं पुस्तक उभं करू नका. वजनाने पानांचा ठोकळा बांधणीतून खाली लोंबतो आणि कायमचा वाकतो. पहिला दिवस आडवंच ठेवा. वरचा पुठ्ठा हळूच उघडून पुठ्ठा आणि पहिल्या पानामध्ये बटर पेपर घाला, नाहीतर पुठ्ठ्याचा रंग पानावर उतरतो. मग दर वीस-पंचवीस पानांना एक टिपकागद. टिपकागदांची मिळून जाडी पुस्तकाच्या जाडीच्या पाचव्या भागाहून जास्त नको. दर पानाआड टिपकागद कोंबण्याचा मोह होतो, पण त्याने कणा फाकतो आणि शिलाई तुटते.

टिपकागद भिजला की बदला. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदलावा लागतो. दर वेळी जागा थोडी सरकवा, म्हणजे एकाच पानावर ताण येत नाही. भिजलेला टिपकागद खोलीबाहेर न्या. तो खोलीतच टाकला तर पुस्तकातून काढलेलं पाणी पुन्हा हवेतच सोडल्यासारखं आहे.

पानं ओलसर झाली आणि पुस्तक स्वतःचं वजन पेलू लागलं की ते उभं करा, पुठ्ठे काटकोनाइतके उघडे, पानं थोडी पंख्यासारखी फाकलेली. खाली टिपकागद. दर वेळी डोक्याची बाजू खाली, पायाची वर, अशी उलटापालट करा. पातळ, हलकी पुस्तकं दोरीवर मधल्या पानाने टांगता येतात, पण ओलसर झाल्यावरच. ओलीचिंब टांगली तर दोरी पान कापते.

हवा हलती पाहिजे, पण पंख्याचा झोत थेट पुस्तकावर नको. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा. पूर ओसरल्यावर बाहेरची हवाही दमट असते, त्यामुळे खिडक्या सताड उघडणं प्रत्येक वेळी शहाणपणाचं नसतं. एसी किंवा हवेतली ओल शोषणारं यंत्र असेल तर खिडक्या बंद करून तेच चालवा. छोटा आर्द्रतामापक मिळाला तर आकडा ५५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. ६५ च्या वर राहिला तर वाळत घातलेल्या पुस्तकांवरही बुरशी धरेल.

इशारा: ऊन, इस्त्री, गरम हवेचं ड्रायर, ओव्हन, मायक्रोवेव्ह, यातलं काही नको. बाहेरची पानं कडक आणि नागमोडी होतात, आतली ओलीच राहतात. मायक्रोवेव्हमध्ये बांधणीतल्या तारेवर ठिणगीही उडते.

जवळजवळ वाळलं, पानं थंड लागेनाशी झाली की पुस्तक मिटा, आकार सरळ करा आणि दोन सपाट फळ्यांमध्ये हलक्या वजनाखाली ठेवा. अजून ओलं असताना दाबलं तर आतली ओल कोंडते आणि बुरशीला तेच हवं असतं. कधी वाळलं हे नक्की ठरवायचा माझा आवडता मार्ग स्वयंपाकघरातला वजनकाटा. रोज एकाच वेळी वजन करून पेन्सिलीने लिहा. लागोपाठ दोन दिवस वजन उतरलं नाही की वाळलं. जाड पुस्तकाला आठवडा सहज लागतो, दोनही लागू शकतात.

एक बॅच दाबायला गेली की फ्रीझरमधून पुढची तीन-चार पुस्तकं काढा. पिशवी उघडून, पुस्तक टिपकागदावर ठेवून वितळू द्या आणि याच पायरीच्या सुरुवातीपासून पुढे जा. आर्ट पेपरचं पुस्तक मात्र एका वेळी एकच काढा, कारण त्यात टिपकागद नव्हे तर प्रत्येक पानाआड बटर पेपर घालावा लागतो. पुस्तक जाड असेल तर इथे कण्याचा बळी द्यावा लागतो, आणि पानं वाचवायची तर तो द्यावा.

## ७. फोटो

फोटो वाळू न देणं हा पहिला नियम, आणि लोक नेमकं उलट करतात. अल्बम उघडून उन्हात ठेवला की फोटोचा मऊ जिलेटिन थर प्लास्टिकला किंवा शेजारच्या फोटोला चिकटून वाळतो. हाताळायला वेळ नसेल तर फोटो थंड, स्वच्छ पाण्याच्या टबात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. पण ४८ तासांपलीकडे नाही, त्यानंतर थर सुटू लागतो. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर फोटोंच्या मध्ये बटर पेपर घालून गोठवा. इंकजेट प्रिंट पाण्यात बुडवायचा नाही, तो सरळ सपाट वाळवायचा.

अल्बममधून काढताना रंगीत फोटो आधी घ्या. फोटोमागे लिहिलेली नावं-तारखा आधी टिपून घ्या किंवा त्यांचा फोटो काढा, कारण ती शाई धुताना जाते. फोटो कडेला धरा, चित्रावर बोट टेकवू नका. ओल्या थरावरचा ठसा कायमचा. थंड पाण्यात हलकेच हलवून गाळ काढा आणि चित्र वर ठेवून टिपकागदावर पसरा, किंवा रिकाम्या किनारीला चिमटा लावून दोरीवर टांगा. चित्राच्या बाजूने पुसायचं नाही, टिपायचंही नाही.

चिकट पानांच्या अल्बममध्ये वरचं प्लास्टिक आपणहून सुटेल तितकंच काढा. फोटो पानाला चिकटलेला असेल तर अख्खं पान पाण्यात ठेवा. एकमेकांना चिकटून वाळलेले फोटोही थंड पाण्यात पुन्हा भिजवले तर कधी कधी सुटतात. जबरदस्ती केली तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर जातो.

फ्रेममधला फोटो ओला असताना काचेला चिकटलेला दिसला तर काच आणि फोटो एकत्रच धरून वाहत्या थंड पाण्याखाली धरा. पाणी मध्ये शिरलं की तो सुटतो. सुटला नाही तर काचेसकट, काच खाली ठेवून वाळवा आणि काचेतूनच त्याची प्रत काढा.

## ८. ठिपके दिसलेच तर

ओल्या बुरशीला हात लावायचा नाही, पुसायचंही नाही. ती पसरते आणि रंग कागदात मुरतो. ते पुस्तक लगेच पिशवीत घालून इतरांपासून वेगळं करा आणि गोठवा. नंतर वाळवल्यावर बुरशी पूड होऊन सुटी होते. मग मास्क आणि हातमोजे घालून, घराबाहेर, वाऱ्याला पाठ करून, मऊ ब्रशने ती स्वतःपासून दूर झटका. घरगुती व्हॅक्युमने ओढू नका, साध्या गाळणीतून तिचे कण मागच्या बाजूने खोलीभर जातात. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये.

डाग राहतील. पान वाचता येत असेल तर त्यांच्यामागे लागू नका.

वाळलेली पुस्तकं फळीवर परत लावताना भिंतीपासून थोडी जागा सोडा आणि गच्च भरू नका. पुढचे काही आठवडे दर आठवड्याला कण्याच्या आतल्या बाजूला आणि पुठ्ठ्याच्या कडांना पाहा. कुबट वास आला किंवा पान थंड लागलं, तर ते पुस्तक काढून पुन्हा सहाव्या पायरीवर.